डिस्चार्ज कार्डची दोन पानं

माझ्या धाकट्या भावाला यंदा ३ फेब्रुवारीला एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखल करावं लागलं. २६ फेब्रुवारीला तो घरी आला. त्या तेवीस दिवसांबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही. लिहायचं आहे ते निघताना हातात मिळालेल्या दोन पानांबद्दल. त्याला डिस्चार्ज समरी म्हणतात, वॉर्डात सगळे डिस्चार्ज कार्डच म्हणत. हा मजकूर भावाने आधी वाचला आहे. दोन वाक्यं त्याने काढायला लावली, ती काढली.

थोडी पार्श्वभूमी सांगते. भाऊ सत्तावीस वर्षांचा, एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला. २०२२ साली तो चार-पाच महिने अगदी गप्प झाला होता. जेवण नाही, बोलणं नाही, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं एकदा आईजवळ म्हणाला होता. गावातल्या डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली, तो सुधारला आणि गोळी आपोआप बंद झाली. गेल्या डिसेंबरात पुन्हा तशीच मरगळ जाणवायला लागली, तेव्हा त्याने घरातली जुनी चिठ्ठी शोधून मेडिकलमधून तीच गोळी आणली. आम्हाला ते नंतर कळलं. जानेवारीच्या शेवटी झोप दोन तासांवर आली, पहाटे चार वाजता आतेभावांना फोन करून शेळीपालनाचे बेत सांगायला लागला, हप्त्यावर तीन मोबाईल घेतले आणि एका रात्री मोटारसायकलवर शंभरच्या वर किलोमीटर जाऊन आला. शेवटी शेवटी त्याला वाटत होतं की टीव्हीवरची माणसं त्याच्याशी बोलतात. दवाखान्यात यायला तो तयार नव्हता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली त्याला दाखल केलं. त्यासाठी एक नामनिर्देशित प्रतिनिधी लागतो, म्हणजे रुग्णाच्या वतीने अर्ज करणारं माणूस. त्या अर्जावर माझी सही आहे. दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासलं, त्यातले एक मनोविकारतज्ज्ञ होते. या कलमाखाली जास्तीत जास्त तीस दिवस ठेवता येतं आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, हे आम्हाला तिथल्या समाजसेवा अधीक्षकांनी नीट समजावून सांगितलं. मनोविकार विभागात हे पद असतं. तुमचं माणूस दाखल असेल तर पहिल्या दोन दिवसांतच त्यांना भेटून घ्या. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढे जातात, पण यांच्याकडे बसून बोलता येतं.

२४ फेब्रुवारीला सकाळच्या राउंडला डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "परवा सोडू या." मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. वॉर्डात सिस्टर गोळ्या हातात देऊन तोंड उघडायला लावून बघत होत्या. घरी हे कोण करणार? मी विचारलं, "मॅडम, कार्ड आधी वाचायला मिळेल का? निघायच्या दिवशी गडबडीत काही समजणार नाही." त्यांनी जरा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी दोन वाजता या. पेशंटलाही घेऊन बसू."

ही मागणी काही मेहेरबानीची नाही. याच कायद्याच्या कलम ९८ मध्ये लिहिलं आहे की डिस्चार्ज देताना पुढच्या उपचारांबद्दल डॉक्टरांनी रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसतं घाबरून विचारलं होतं.

२५ तारखेला दुपारी आम्ही बसलो. मी, भाऊ, आई आणि मॅडम. अप्पा बाहेर बाकावर बसले, त्यांना आत यायचं नव्हतं. कार्ड इंग्रजीत होतं, दोन पानं, टाइप केलेलं, अजून सही-शिक्का नसलेलं. मी वहीत प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ लिहून घेत गेले. तासभर लागला. मधे दोनदा मॅडमना वॉर्डातून बोलावणं आलं, आम्ही तसेच बसून राहिलो.

पहिल्या ओळी नाव, वय, दाखल केल्याची आणि सोडण्याची तारीख, दाखल करण्याचं कलम अशा. मग निदान. तिथे लिहिलं होतं बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर, सध्याचा टप्पा मॅनियाचा म्हणजे मन खूप वर गेल्याचा, सायकोटिक लक्षणांसह म्हणजे नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटण्यासह, आणि पुढे एफ ३१.२ असा आकडा. तो आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला, म्हणजे आयसीडी-१० मधला आहे. डॉक्टर बदलला, राज्य बदललं तरी त्या आकड्याचा अर्थ तोच राहतो.

भावाने विचारलं, "पण माझं तर डिप्रेशन होतं ना?" मला त्याचा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. मॅडमनी सांगितलं की २०२२ मधला तो काळ याच आजाराचा दुसरा टोकाचा भाग होता. बायपोलरमध्ये मन कधी खूप खाली जातं, कधी खूप वर. फक्त खालचा भाग दिसला की नैराश्य समजून नैराश्याचीच गोळी दिली जाते, आणि मूड सांभाळणारं औषध सोबत नसताना ती एकटी गोळी काही जणांना एकदम वर नेऊ शकते. डिसेंबरात त्याच्या बाबतीत तसंच झालेलं असण्याची शक्यता होती. कार्डावर त्यांनी ते लिहिलं होतं: पूर्वी नैराश्याचा एक टप्पा, नैराश्यविरोधी गोळी सुरू केल्यावर मॅनिया, यापुढे ती गोळी एकटी देऊ नये. पुढे तो पुन्हा कधी गप्प झाला आणि आम्ही त्याला दुसऱ्याच डॉक्टरकडे नेलं, तर तिथे आमच्या तोंडी सांगण्यापेक्षा ही एक ओळ जास्त कामाची. घरी आल्यावर ती जुनी चिठ्ठी भावाने स्वतः फाडून टाकली.

दुसरा भाग होता वॉर्डातल्या दिवसांचा. तो चार ओळींत संपवला होता: आक्रमक अवस्थेत दाखल, इंजेक्शन देऊन शांत केलं, नंतर गोळ्यांवर आणलं, सुधारणा झाली. इथे मी अडले. कारण तिसऱ्या दिवशी दुपारी जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्याला भात भरवत होते आणि त्याची मान हळूहळू उजवीकडे वळायला लागली. वळली ती वळलीच. डोळे वर गेले, जबडा घट्ट झाला, तो मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता आणि शब्द फुटत नव्हता. मला वाटलं हा आता हातचा जातो. सिस्टर धावत आल्या, बघताक्षणी म्हणाल्या, "इंजेक्शनमुळे आहे, घाबरू नका," आणि दुसरं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ झाली.

मी मॅडमना म्हटलं, "ते मान वाकडी झाल्याचं यात कुठे नाही." त्यांनी केसपेपर मागवला. पाच तारखेच्या नोंदीत ते होतं. कार्ड लिहिताना राहून गेलं होतं. आदल्या रात्री दिलेलं औषध हॅलोपेरिडॉल, आणि जे झालं त्याला ॲक्यूट डिस्टोनिया म्हणतात. तरुण पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं. प्रोमेथाझिनने उतरलं. मॅडमनी लगेच पेनाने तसं लिहिलं, खाली सही आणि तारीख टाकली, आणि टाइप करणाऱ्यांना दुरुस्ती सांगितली. म्हणाल्या, "बरं झालं आठवण केलीत. रात्री-अपरात्री कुठे इमर्जन्सीत न्यावं लागलं तर पहिलं हेच इंजेक्शन काढलं जातं. हे लिहिलेलं असलं की ते दुसरं निवडतील किंवा सोबत उतारा देतील."

वॉर्डात सोबतीला राहणाऱ्याने एक साधी वही ठेवावी असं मी म्हणेन. कुठल्या दिवशी कोणतं इंजेक्शन, त्यानंतर काय झालं, किती झोपला, एवढंच. आमच्या वहीमुळे पाच तारीख सापडली. नाहीतर जाडजूड केसपेपरात शोधायचं कुणी?

मग औषधं. सोडताना तीन होती. लिथियम कार्बोनेट चारशे मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी, सकाळ-रात्र एकेक. ओलान्झापिन दहा मिलिग्रॅम रात्री. क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम रात्री. कार्डावर सकाळ-रात्रसाठी 'बीडी' आणि झोपतानासाठी 'एचएस' असं लिहितात. मॅडमनी सगळी नावं औषधाची लिहिली होती, कंपनीची नाही. ते चांगलं असतं, पण मेडिकलवाला काय देतो ते मग आपल्याला बघावं लागतं.

क्लोनाझेपामपुढे 'चालू ठेवणे' एवढंच होतं. किती दिवस? ही गोळी सवय लावणारी आहे हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या शेजारच्या काकू ती आठ वर्षं घेत आहेत, कुणी बंदच केली नाही. विचारल्यावर मॅडमनी पुढे लिहिलं: दोन आठवडे अर्धा, पुढचे दोन आठवडे पाव, मग बंद. एकदम थांबवायची नाही. लिथियम आणि ओलान्झापिनपुढे मात्र 'डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नये' असं आधीच होतं. एकाच यादीतली एक गोळी महिन्याने संपायची आहे आणि एक कदाचित वर्षानुवर्षं चालणार आहे, हे कार्डावरून कळलं पाहिजे.

लिथियमबद्दल सगळ्यात जास्त वेळ गेला. हे मिठासारखंच एक द्रव्य आहे आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. शरीरात पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड ते धरून ठेवतं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. उपयोगी प्रमाण आणि त्रास देणारं प्रमाण यांत अंतर थोडंच. म्हणून रक्त तपासत राहायचं. सुरू करण्याआधी त्यांनी थायरॉइड, क्रिएटिनिन आणि ईसीजी केलं होतं, ते आकडे कार्डावर होते. एकवीस तारखेचं लिथियम ०.७२ होतं. साधारण ०.६ ते १.० मध्ये राहिलं पाहिजे असं त्यांनी सांगितलं.

इथे आई पहिल्यांदा बोलली. "आमच्या घरी स्वयंपाक अळणीच असतो. यांना बीपी आहे ना." मॅडमनी पेन खाली ठेवलं. वॉर्डातलं जेवण नेहमीच्या मिठाचं होतं आणि त्यावर ते ०.७२ आलं होतं. आता एकदम अळणी सुरू केलं तर आकडा वर जाऊ शकतो. ठरलं असं की भाजी-आमटी अळणी करायची, अप्पांचं ताट वाढून घ्यायचं आणि मग उरलेल्यात मीठ घालायचं. आई आजही तेच करते. भाजीचे दोन भाग, एक झाकणाच्या छोट्या पातेल्यात. हे कार्डावर कुठे लिहिलेलं नाही, पण कार्ड समोर ठेवून बसलो नसतो तर हे निघालंच नसतं.

वेदनाशामक गोळ्यांचंही तेव्हाच कळलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी लिथियम वाढतं. आमच्याकडे अंग दुखलं की मेडिकलमधून हीच गोळी येते. मी विनंती केली की हे कार्डावरच लिहून द्या, दुसऱ्या कुणी वाचलं तर कळेल. त्यांनी 'एनएसएआयडी टाळावीत, ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल' अशी ओळ घातली. त्याखाली धोक्याची लक्षणं: हात जोरजोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, वारंवार उलटी-जुलाब. यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच रुग्णालयात. बारीक थरथर बऱ्याच जणांना असते, भावाच्या हातात आजही कप धरला की थोडी दिसते. त्याला घाबरायचं कारण नाही.

आता जोखमीचा भाग, ज्याची मला सर्वांत भीती होती. एक छोटा तक्ता होता. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, स्वतःची आबाळ, पैशांचं नुकसान. प्रत्येकासमोर दाखल होतानाची आणि सोडतानाची स्थिती. स्वतःला इजेपुढे सोडताना 'कमी' लिहिलं होतं आणि कंसात २०२२ मधले मरणाचे विचार. मी ते 'कमी' वाचून सुटकेचा श्वास सोडला.

मॅडमनी तो मला नीट सोडूच दिला नाही. "हा आजचा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "आज तो झोपतोय, गोळ्या घेतोय, आजूबाजूला माणसं आहेत, म्हणून कमी. यातलं एक बदललं की हा शब्दही बदलतो." मनोविकार वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतो, हे त्यांनी भावाच्या समोरच सांगितलं. वर गेलेलं मन खाली येताना कधी कधी जमिनीवर थांबत नाही, आणखी खाली जातं. शिवाय आजारपणात काय काय केलं ते तेव्हा आठवायला लागतं, आणि लाज वाटते. भाऊ हे ऐकताना नखं बघत होता. मग म्हणाला, "मोबाईलचे हप्ते आठवतात मला." तोपर्यंत तो आम्हाला त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता.

मग मॅडमनी विचारलं, "तुमचं शेतीचं घर आहे ना? तणनाशक, कीटकनाशक कुठे ठेवता?" आई म्हणाली, मागच्या पडवीत, कोनाड्यात. ते त्याच दिवशी अप्पांनी फोन करून चुलत्यांच्या गोठ्यात हलवलं, कुलपात. लिथियम एकदम जास्त पोटात गेलं तर घातक असतं, म्हणून एका वेळी पंधरा दिवसांच्याच गोळ्या आणायच्या आणि डबा आईकडे राहील असं ठरलं. हे भावाला अपमानाचं वाटेल अशी मला धास्ती होती. मॅडमनी त्यालाच विचारलं, किती दिवस चालेल तुला असं? तो म्हणाला, तीन महिने. तेच लिहिलं.

तक्त्याखाली 'पूर्वसूचना' म्हणून जागा होती. तिथे छापील पद्धतीने झोप कमी, बडबड जास्त असं होतं. मॅडमनी भावाला विचारलं, तुझं तुला कशावरून कळतं? त्याने थोडा विचार करून सांगितलं की त्याला आधी सगळ्यांची गाणी, रंग फार छान वाटायला लागतात आणि मग तो पहाटे लोकांना फोन करतो. तेच त्याच्या शब्दांत गेलं: सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप, किंवा पहाटे फोन. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. आणि मध्यरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर, चोवीस तास चालणारा, मराठीत बोलता येणारा. तो कार्डावर खाली छापलेलाच होता.

शेवटी पाठपुरावा. कार्डावर होतं: दोन आठवड्यांनी ओपीडी, लिथियम पातळी, वजन, तीन महिन्यांनी साखर, नंतर स्थानिक पातळीवर. 'स्थानिक पातळीवर' म्हणजे कुठे, हे समाजसेवा अधीक्षकांनी उलगडलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतं. त्यांनी तिथे फोन लावून वार विचारला, पथकातल्या नर्सचा नंबर कार्डाच्या मागे लिहून दिला. हे आपण आपल्या हिमतीवर शोधायचं म्हटलं तर दोन चकरा फुकट जातात.

२६ तारखेला दुरुस्त केलेलं कार्ड सही-शिक्क्यासह मिळालं. सकाळी दहाला 'होतंच आहे' म्हणाले, हातात पडलं पावणेचारला. मी तिथेच उभं राहून आदल्या दिवशीच्या वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. डिस्टोनियाची ओळ होती. क्लोनाझेपामचे आठवडे होते. बाहेर येऊन पाच झेरॉक्स काढल्या, वीस रुपये.

कामाच्या ठिकाणी यातली एकही झेरॉक्स दिली नाही. कारखान्याच्या साहेबांनी 'डिस्चार्ज पेपर पाठव' असा निरोप दिला होता. कार्डात मावशीच्या आजारपणाचा उल्लेख आहे, त्याचे मरणाचे विचार आहेत. ते साहेबांनी का वाचावं? कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. आम्ही वेगळं प्रमाणपत्र मागून घेतलं: अमुक ते अमुक तारखेपर्यंत रुग्णालयात दाखल, अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य. निदान नाही. तेवढ्यावर रजा मंजूर झाली. तुम्हीही हे डिस्चार्जच्या आधीच मागा, नंतर वेगळी खेप पडते.

गावातल्या मेडिकलमध्ये लिथियम तीनशेची साधी गोळी पुढे आली. "एकच आहे हो," असं म्हणाले. एकच नसते. चारशेची हळू विरघळणारी वेगळी. कार्ड दाखवलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी मागवून दिली. महिन्याचं लिथियम आम्हाला तीनशे रुपयांच्या आत पडतं.

११ मार्चला लिथियमची तपासणी. ग्रामीण रुग्णालयात ती होत नाही, खाजगी लॅबने रक्त घेऊन पुण्याला पाठवलं, साडेपाचशे रुपये. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला: १.२८, लाल अक्षरात. माझे हातपाय गार पडले. भाऊ समोर बसून टीव्ही बघत होता, तोल ठीक, उलटी नाही, बोलणं स्वच्छ. पथकातल्या नर्सना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रक्त कधी दिलं आणि आधीची गोळी कधी घेतली?" सकाळी आठला गोळी, अकराला रक्त. "मग हा आकडा खोटा वर आलाय. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, सकाळची न घेता." त्यांनी आमच्यासाठी वॉर्डाच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं. त्या रात्रीची गोळी नऊला दिली, १२ मार्चला सकाळी नऊला आधी रक्त, मग गोळी. आकडा आला ०.८१. साडेपाचशे रुपये पुन्हा गेले आणि रात्रभर झोप नाही. कार्डावर 'लिथियम पातळी' एवढेच दोन शब्द होते. मी आता तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: बारा तासांनी, सकाळच्या गोळीआधी.

१३ मार्चला ओपीडी. वजन दोन आठवड्यांत अडीच किलो वाढलं होतं. ते ओलान्झापिनमुळे, भूक फार लागते. रात्री नऊनंतर डबे उघडायचे नाहीत असा नियम त्याने स्वतः घातला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात पथकाला भेटलो. नवीन डॉक्टर होते, त्यांनी भावाला आधी कधी पाहिलं नव्हतं. रांगेत चाळीस माणसं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, दोन मिनिटं शांतपणे वाचलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पहाटेचे फोन बंद आहेत ना?" भाऊ हसला. पहिल्यापासून सगळी कहाणी सांगावी लागली नाही. तिथे ओलान्झापिन मोफत मिळालं, लिथियम शिल्लक नव्हतं, ते बाहेरून घेतो.

मेच्या उन्हाची काळजी होती. जत्रेत पालखीबरोबर तो दिवसभर चालणार होता. नर्सनी सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या दोन बाटल्या आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी बरोबर दिलं, उपास धरला नाही.

जूनमध्ये त्याची दाढ दुखायला लागली. गाल सुजला होता. मी कामावर होते, तो एकटाच तालुक्याच्या दंतवैद्यांकडे गेला. त्यांनी दाढ तपासली आणि पॅडवर औषधं लिहायला घेतली, अँटिबायोटिक आणि डायक्लोफेनॅक. भावाने पाकिटातून घडी केलेली झेरॉक्स काढली, टेबलावर उलगडली आणि एनएसएआयडीच्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून ओळ वाचली, लिहिलेलं खोडलं आणि शेजारी पॅरासिटामॉल लिहिलं. ती चिठ्ठी त्याने मला संध्याकाळी दाखवली. "ताई, ही पण फाइलला लाव," म्हणाला.